वीस वाक्यं, जशीच्या तशी

शाळेच्या फाटकासमोर झेरॉक्सची चार दुकानं आहेत. त्यांतल्या तीन दुकानांत कागद जसा आत जातो तसाच बाहेर येतो. चौथ्या दुकानात मात्र तो ताईंच्या हाताखालून जातो.

ताई म्हणजे टायपिंगवाल्या ताई. त्यांना दुसरं नाव असणारच, पण बावीस वर्षांत ते विचारायची वेळ कोणावर आली नाही. दुकान त्यांच्या धाकट्या दिराचं. खिडकीजवळची उंच खुर्ची ताईंची. तिच्या एका पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा असतो, आणि तो सरकला की खुर्ची ताईंच्या आधी कुरकुरते. कामाचा कागद डाव्या हाताला चिमट्यात लावायचा, चष्मा नाकावर ओढायचा, आणि मग बोटं चालू लागतात. ती चालत असताना ताई बोलतात, हसतात, फोनवर भाजी काय आणायची ते सांगतात. टायपिंग थांबतं फक्त एका कारणाने. समोर चूक दिसली की.

चूक ताईंना सहन होत नाही. लोकांचे अर्ज, पत्रं, बायोडेटा, भाड्याचे करार, सगळं त्या गुपचूप दुरुस्त करत आल्या. 'गुपचूप' हा त्यातला महत्त्वाचा भाग. गिऱ्हाइकाला सांगितलं तर त्याचा अपमान होतो, असं त्यांचं मत. त्यामुळे या गावात निदान पाचशे माणसं अशी आहेत, की आपल्याला शुद्ध लिहिता येतं अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

अडचण आली ती व्यायामशाळेच्या मालकामुळे. त्याने कोणाच्या तरी सल्ल्यावरून भाग्य उजळावं म्हणून आपल्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जादा ए घातला होता. ताईंनी तो काढून टाकला. पाचशे व्हिजिटिंग कार्डं छापून झाली आणि मालक आपलं भाग्य कुठे गेलं ते विचारायला दुकानात आला. तो गेल्यावर दिराने भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'जसंच्या तसं' असा कागद चिकटवला आणि शांतपणे म्हणाला, "वहिनी, आता एक जरी तक्रार आली ना, तर तुम्ही लॅमिनेशन बघा. टायपिंगला मी फोनमधलं अ‍ॅप आणलंय. फोटो काढला की मजकूर तयार."

लॅमिनेशनचं यंत्र दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात आहे. तिथे खिडकी नाही, आणि वाचायलाही काही नाही. प्लॅस्टिकमध्ये घातलेल्या कागदाला कोणी काही करू शकत नाही. ताई त्या दिवशी घरी गेल्या आणि भाजीत दोनदा मीठ घालून बसल्या.

त्यानंतर आठवड्याभरातच इंग्रजीचे सर दुकानात आले.

सर ताईंचेही सर. नववीत ताई त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर होत्या. सरांच्या डोक्यावर तेव्हा केस होते आणि हाती खडू. त्यांचा एक नियम होता: चुकीचं वाक्य फळ्यावर लिहायचं नाही. चुकीचं डोळ्यांत बसतं, आणि एकदा बसलं की भाडेकरूसारखं हलत नाही. सर फळ्यावर फक्त बरोबर वाक्यं लिहीत, मुलं ती उतरवत, आणि ताईंच्या डोळ्यांत ती अजून बसलेली होती.

आजवर सर आपल्या वर्कशीट स्वतःच्या अक्षरात लिहून नुसत्या झेरॉक्स करून नेत. यंदा हात कापायला लागला. त्यांनी ताईंच्या टेबलावर एक कागद ठेवला. वर काही नाही, खाली काही नाही, मधे एक ते वीस आकडे घालून इंग्रजी वाक्यं. बेचाळीस प्रती हव्या होत्या. सूचना सर कधीच छापून घेत नसत, कारण तोच कागद आठवीला एका कामासाठी, नववीला दुसऱ्या आणि दहावीला तिसऱ्याच कामासाठी चाले. काय करायचं ते त्या त्या वर्गात फळ्यावर. आणि उत्तरसूची तर शर्टाच्या खिशातून बाहेरच येत नसे. झेरॉक्सच्या दुकानात शाळेचीच मुलं घुटमळतात. दुकानात गेलेली उत्तरं सरांच्या आधी वर्गात पोचतात.

यातलं काही ताईंना माहीत नव्हतं. त्यांनी कागद चिमट्यात लावला.

पहिलंच वाक्य चुकलेलं होतं. होतं असं कधी कधी, म्हणून त्यांनी ते नीट करून घेतलं. दुसरंही चुकलेलं. तिसरं होतं, The list of students are on the table. आता टेबलावर यादी आहे. यादी एक. विद्यार्थी कितीही असोत, ते काही टेबलावर बसलेले नाहीत. हे खुद्द सरांनीच शिकवलेलं. सातव्यात Each of the girls have a pencil. प्रत्येकीकडे म्हणजे एकेकीकडे, तिथे has. बाराव्यात काका आपल्या तीन मुलांसह दुकान चालवत होते आणि सरांनी मुलांना बघून run लिहिलं होतं. खरं तर कर्ता काका, runs. एकोणिसाव्यात बातमी अनेकवचनी झाली होती.

आठव्या वाक्याला ताई उठून पाणी पिऊन आल्या.

वीसपैकी सोळा चुकीची. अक्षर कापणारं. ताईंनी हिशेब मांडला. हात गेला तो दिसतोय, पण आत काय चाललंय ते सरांना स्वतःलाही कळत नसेल. हा कागद असाच वर्गात गेला तर मुलं हसतील, मुख्याध्यापिका बघतील, आणि ज्या माणसाने चुकीचं वाक्य कधी फळ्यावर येऊ दिलं नाही त्याची नोकरीच्या शेवटच्या वर्षी शोभा होईल. समोर भिंतीवर 'जसंच्या तसं' होतं. त्याच्या पलीकडे लॅमिनेशनचं यंत्र होतं. ताईंनी दोन्हीकडे पाहिलं आणि सोळाच्या सोळा वाक्यं दुरुस्त केली.

सर आले, त्यांनी प्रती मोजल्या, आकडे वीसपर्यंत आहेत हे पाहिलं आणि "छान दिसतंय" म्हणून घेऊन गेले. तुझ्या हातचं आहे म्हटल्यावर काय तपासायचं, असंही म्हणाले. ताईंना भरून आलं.

पुढचं वर्गात घडलं. सरांनी फळ्यावर लिहिलं की वाक्यांतली क्रियापदाची चूक दुरुस्त करा, चार वाक्यं बरोबर आहेत ती सोडा; वहीच्या पानावर फक्त आकडा आणि योग्य क्रियापद. वीस गुण. मग ते खिडकीशी बसले. समोरच्या कागदात एकही चूक नव्हती. पण फळ्यावर सोळा म्हटलंय म्हटल्यावर मुलं मागे हटणारी नव्हती. बेचाळीस मुलांनी माना खाली घालून प्रत्येकी सोळा चुका शोधून काढल्या.

सर घरी उत्तरसूची उघडून मुलांची पानं तपासायला बसले. सूचीत तीन नंबरला is, पुढे कारण: कर्ता list. पहिल्या मुलाने are लिहिलं होतं. सातला has हवं, मुलाने have दिलं होतं. सोळाव्यात Bread and butter is my breakfast हे सरांचं आवडतं फसवं वाक्य. पाव आणि लोणी मिळून एकच न्याहारी, म्हणून बदल नाही. मुलाने तिथेही are केलं होतं. त्याला दोन गुण पडले. दुसऱ्याला तीन. तिसरी वर्गातली हुशार मुलगी, तिला एक. पाचव्या पानाला सरांनी पेन खाली ठेवलं आणि आपण आयुष्यभर नक्की काय शिकवलं, याचा विचार करत चहा गार केला. नवव्या पानाशी त्यांना कधी नव्हे ते छापील कागद वाचायची बुद्धी झाली.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडतंय तोच सर दारात. हातात बेचाळीस पानांचा गठ्ठा. दीर काउंटरवर होता. सरांनी काय झालं ते थोडक्यात सांगितलं, आवाज न चढवता, आणि दिराने ताईंकडे न बघता लॅमिनेशनच्या यंत्रावरचं फडकं काढलं.

ताई खुर्चीतून उतरल्या. आपणच बदललं म्हणाल्या.

"सर, तुम्हीच म्हणायचात ना, चुकीचं वाक्य लिहायचं नाही म्हणून. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"वाटलं की आता तुम्हाला होत नाही. मुलं हसली असती."

सर बराच वेळ गठ्ठ्याच्या कडा टेबलावर आपटून सारख्या करत राहिले. त्या आधीच सारख्या होत्या.

"तो नियम मी पंधरा वर्षांपूर्वी सोडला," ते म्हणाले. "परीक्षेत चुका शोधायला येतात म्हणून. तुला कळवायचं राहून गेलं."

मग त्यांनी खिशातून उत्तरसूची काढली, ताईंनी टाइप केलेला कागद शेजारी ठेवला आणि उभ्याउभ्याच तपासायला लागले. प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून का म्हणून विचारत, आणि ताई कर्ता सांगत. सोळाव्याशी सर थांबले. इथे का नाही बदललं? ताई म्हणाल्या, पाव वेगळा आणि लोणी वेगळं खाल्लं तर गोष्ट वेगळी. सरांनी कागदावर वीसपैकी वीस लिहिलं. हात कापत असल्याने दोनाचं शेपूट जरा लांब गेलं.

दिराला हे पटलेलं नव्हतं. गुण ठीक आहेत, पण गिऱ्हाइकाला जे हवं ते मिळालं नाही, हा मुद्दा त्याचाच बरोबर होता. त्याने चिमट्यातला सरांचा मूळ कागद घेतला, फोनने फोटो काढला आणि पाच सेकंदांत मजकूर सरांपुढे धरला. जसंच्या तसं, वहिनी, म्हणाला.

सरांनी चष्मा वर करून वाचलं. अकरा वाक्यं आपोआप दुरुस्त होऊन आली होती. पाच चुका तशाच होत्या. आणि पाव-लोणी, जे बरोबर होतं, ते अ‍ॅपने बिघडवलं होतं.

"हेही सुधारतंय की," दीर म्हणाला.

"याला विचारा," सर म्हणाले, "पाव-लोण्याचं are का केलंस."

दिराने फोनकडे पाहिलं. फोनने काही सांगितलं नाही. दिराने थोडा वेळ वाट पाहून तो खिशात टाकला आणि यंत्रावर फडकं परत घातलं.

कागद सोमवारी पुन्हा वर्गात जायचा होता, तेव्हा काम लगेच सुरू झालं. सरांनी पंधरा वर्षांत पहिल्यांदा उत्तरसूची दुकानात सोडली, तीही ताईंच्या चिमट्यात, मूळ कागदाच्या मागे. बरोबर काय आहे ते बघून घे, म्हणजे ते टाळता येईल, असं म्हणाले. ताई खुर्चीत बसल्या. कडू काढा प्यावा तसं तोंड करून त्यांनी यादीला are लावलं. काकांना run दिलं. एरवी दहा मिनिटांचं पान, त्याला पाऊण तास लागला. बोटं दर वाक्याला मधेच अडत होती. सातव्या नंबरला तर दोनदा has पडलं.

"चूक," शेजारी स्टुलावर बसलेले सर म्हणाले.

ताईंनी ते खोडलं, have टाइप केलं, आणि डोळे मिटून घेतले.

भिंतीवर 'जसंच्या तसं' अजून आहे. त्याखाली आता दिराच्या अक्षरात एक ओळ जास्त आहे: 'शंका आली तर आधी विचारावे.' त्यात विचारणारं कोण हे लिहिलेलं नाही, म्हणून ताईंना ते वाक्य अपुरं वाटतं. पण अजून तरी त्यांनी त्याला हात लावलेला नाही.