परक्या गिऱ्हाइकाचं बिल

वर्कशॉपात त्यांना सगळे मामाच म्हणत. मेकॅनिक, कॅशियर, गाडी धुणारी बाई, इतकंच काय, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी गिऱ्हाइकंसुद्धा. एकतीस वर्षं सर्व्हिसच्या काउंटरवर उभं राहून मामांनी गाड्या आत घेतल्या होत्या आणि किल्ल्या परत दिल्या होत्या. गाडी दारात आली की हे बाहेर येत, चष्मा कपाळावर ढकलत, बॉनेटवर हलकेच हात ठेवत. माणसाची नाडी बघावी तसा. गिऱ्हाईक तिथेच निम्मं विरघळे. मग मामा जॉबकार्ड भरायला घेत आणि मान वर न करता विचारत, "एवढं उघडतोच आहोत तर आतून साफ करून घेऊ ना?" समोरून नेहमीचंच उत्तर येई. "मामा, तुम्ही म्हणाल तसं."

निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि घरात गाडी यायची होती.

गाडी लेकीची. ती फिजिओथेरपिस्ट, घरोघर जाऊन पेशंटना पुन्हा चालायला शिकवायची. जुन्या दुचाकीवर कंबर मोडून घेतल्यावर तिने चारचाकीचं मनावर घेतलं. सहा गाड्या बघितल्या, चार गाळल्या. उरल्या दोन. एक चंदेरी, मामांच्या कंपनीची. दुसरी निळी, समोरच्या कंपनीची. किंमत जवळपास तीच, मायलेज तेच, मागच्या सीटवर वॉकर दोन्हींत मावत होता.

"आता सर्व्हिसिंगवरच ठरवू," ती म्हणाली. "वर्षाला माझे तीस हजार किलोमीटर होणार."

हे ऐकून मामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांच्या हातखंड्याची गोष्ट! त्यांनी जेवणाच्या टेबलावर बोटाने आकडे मांडले. "निळीला दर दहा हजारांनी यावं लागतं. म्हणजे वर्षाला तीनदा. आपलीला पंधरा हजारांनी. दोनच खेपा. आता निळीची एक सर्व्हिस सहा हजारांची, आपली आठ. बघणारा काय म्हणतो? निळी स्वस्त! अगं, पण खेपांनी गुणून बघ की. निळीचे अठरा, आपलीचे सोळा."

"आणि किलोमीटर झालेच नाहीत तर?"

"तर वर्ष भरलं की यायचं. दोन्हींत जे आधी होईल ते. पण तुला काय त्याचं, तुझ्या पायाला भिंगरी."

आईने आतून आवाज दिला, "ऐक गं त्यांचं. आयुष्य गेलंय त्यात."

पण लेक बापाचीच होती. "हे सहा आणि आठ कंपनीच्या कागदावरचे. माणसं खरोखर किती भरतात ते बघू. निळीची बिलं मी मैत्रिणींकडून गोळा केलीत. सरासरी सहा हजार आठशे येते. चंदेरीची तुम्ही आणा."

मामांनी दुसऱ्या दिवशी आठ बिलं छापून घेतली. माणसाची खाजगी गोष्ट बाहेर जाऊ नये म्हणून वरची नावाची पट्टी कात्रीने कापली. मनात शंकेचा लवलेशही नव्हता. उलट प्रत्येक बिलाखाली आपली सही बघून बरंच वाटलं.

रविवारी दुपारी दोघं टेबलाशी बसली. लेकीने आठही बिलांची बेरीज केली, पुन्हा केली.

"ब्याण्णव हजार. म्हणजे एकाला साडेअकरा. बाबा, आठाचे साडेअकरा कसे झाले?"

"एखादी मोठी सर्व्हिस असेल त्यात. ब्रेक ऑइल, कूलंट…"

"एकात आहे. बाकीच्या सातांत?" तिने पेन्सिल घेतली. "हे इंजिन फ्लश काय असतं?"

"इंजिन आतून धुतात."

"माझ्या गाडीचं धुणार?"

"तुझ्या कशाला? वेळेवर ऑइल बदललं की बास."

"एसीची जंतुनाशक फवारणी?"

"वास आला तर."

"चाकांचं अलाइनमेंट?"

"गाडी एका बाजूला ओढली, टायर वाकडं झिजलं तर…" मामांचा आवाज बसत चालला. ती एकेका ओळीवर पेन्सिल मारत होती आणि ओळ मारली की खालची बेरीज उतरत होती. सातही बिलं अशी सोलून झाल्यावर प्रत्येकी आठ हजारांच्या आसपास येऊन थांबली. कागदावर होती तिथेच.

मग तिने एक बिल जवळ ओढलं. नावाची पट्टी गेली होती, पण गाडीचा नंबर खाली राहिला होता.

"ही माझ्या पेशंटची गाडी आहे. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी. मी रोज हिच्या मागेच दुचाकी लावते." तिने किलोमीटरचा आकडा वाचला, मागच्या सर्व्हिसचाही वाचला. "वर्षात दोन हजार चारशे. आठवड्यातून एकदा त्यांचा भाऊ बाहेर काढतो. बाबा, तुमचे ते पंधरा हजार यांच्या काय कामाचे? वर्ष भरलं म्हणून भावाबरोबर गाडी पाठवली बिचाऱ्यांनी. आणि तुम्ही त्यांचं इंजिन धुतलंत?"

"विचारूनच करतो आम्ही," मामा म्हणाले. "त्या फोनवर हो म्हणाल्या."

"काय म्हणाल्या?"

 काय म्हणाल्या ते मामांना तोंडपाठ होतं.

"अगं, वरून आकडा येतो दर महिन्याला. गाडीमागे एवढं बिल झालंच पाहिजे. भिंतीवर लावतात. मी एकटा नाही."

"मी कुठे म्हणतेय एकटे म्हणून?" ती रागावली असती तर मामांना सोपं गेलं असतं. ती पेशंटशी बोलावं तसं बोलत होती, हळू, दुखतं कुठे ते चाचपत. "मला फक्त एक सांगा. मी तुमची मुलगी नाही. उद्या पहिल्यांदा काउंटरवर आले, गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही. माझं बिल किती कराल?"

पंखा फिरत होता. एक बिल उडालं, मामांनी ते तळव्याखाली दाबलं.

"घरचं आहे, आठातच करून देईन," ते म्हणाले.

"आठ महिने. पुढे?"

पुढे काउंटरवर कोण उभं राहील ते मामांना ठाऊक होतं. त्यांनीच शिकवून तयार केलेला होता. बॉनेटवर हात कसा ठेवायचा तेही.

"साडेअकरा," मामा म्हणाले. "बारासुद्धा."

तिने लिहिलं. चंदेरी, दोन खेपा, तेवीस हजार. निळी, तीन खेपा, वीस हजार चारशे. निळीपुढे आणखी दीड हजार चढवले. "एक खेप जास्त, म्हणजे माझा एक दिवस बुडणार. तरी एकवीस हजार नऊशेच होतात."

मामांनी वही आपल्याकडे वळवली. कुठे चूक सापडते का ते बघितलं, अगदी खालपासून वर. हिशोब चोख होता. "तिथेही माझ्यासारखाच कुणीतरी असणार," ते म्हणाले.

"असेल ना. पण त्याचं धरूनच सहा हजार आठशे येतात. त्याचा हात जरा आखडता दिसतोय." ती हसली. मामांना हसता आलं नाही.

मंगळवारी तिने निळी बुक केली. संध्याकाळी पावती टेबलावर ठेवली तशी आई चकित झाली. "अगं, यांच्याच कंपनीची सोडून?"

"बाबांना विचारूनच ठरवलं," लेक म्हणाली. "त्यांनी खरा खर्च सांगितला नसता तर मी फसलेच होते."

आईचा चेहरा फुलला. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग शेजारणीला हाक मारायला गॅलरीत गेली. "ऐकलंत का? स्वतःच्या कंपनीची पर्वा केली नाही हो यांनी! असा माणूस शोधून सापडायचा नाही."

मामा खुर्चीत बसून ते सगळं ऐकत राहिले. लेकीकडे बघायचं त्यांनी टाळलं. ती मात्र त्यांच्याकडेच बघत होती.