कडेला लावलेला चुरा

माझी थोरली बहीण केक करते, मी विकते. ताई तोंडाने फटकळ, पण कामाला वाघ. गेल्या वर्षापासून मात्र अंडं फोडताना ती दचकून मागे बघते. "'अंडं नाही ना?' असं कोण म्हणालं गं?" असं मलाच विचारते. दुकानात आम्ही दोघीच असतो. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू?

आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंच्या सहा वर्षांच्या मुलीला अंडं अजिबात चालायचं नाही. जराही पोटात गेलं की घसा सुजायचा. तिच्या वाढदिवसाचा बिनअंड्याचा केक ताईनं हट्टानं अंगावर घेतला. "अंडं एकटं तीन कामं करतं," ती मला ऐकवायची. फेटलं की हवा धरून केक उचलतं, तापलं की घट्ट होऊन सगळं बांधून ठेवतं, वर ओलावाही देतं. त्याच्या जागी तिनं फुगायला दही आणि सोडा घेतला, बांधायला पाण्यात भिजवून चिकट झालेली जवसाची पूड, ओलाव्याला कुस्करलेलं केळं. पहिला केक बसला, कारण मिश्रण कालवून आमच्या ताईबाई गप्पा मारत बसल्या आणि सोड्याचा जोर ओव्हनबाहेरच संपला. दुसरा तिनं लगेच आत सरकवला. तो झकास फुगला, फक्त साच्यातून काढताना कडा तुटल्या. त्या झाकायला तिनं सवयीनं डब्यातला चुरा चोपडला. आम्ही सगळ्याच केकना तो लावतो. तो आदल्या दिवशीच्या साध्या केकच्या तुकड्यांचा होता. अंड्याच्या केकच्या.

वाढदिवसाच्या संध्याकाळी दवाखाना गाठेपर्यंत मुलगी गेली. ताईला चुरा आठवला तिसऱ्या दिवशी, डबा घासताना. तिनं मला सांगितलं. मी म्हटलं, "गप्प बस, दुकान बुडेल." ते पाप माझं.

काल दुपारी शिंपीणबाई आल्या. धाकटा दोन वर्षांचा होणार होता.

"तसाच केक द्या. त्याला अंडं चालतं, पण मला घरात नको." मग खाली बघत म्हणाल्या, "त्या दिवशी मी माझ्या हातानं तिला शेजारचं बिस्किट दिलं होतं. त्यातच असणार. तुमचा केक मात्र आवडीनं खाल्ला हो तिनं."

"करून देऊ," मी घाईघाईनं म्हटलं.

ताई हात पुसत बाहेर आली. "बिस्किटानं नाही," ती म्हणाली. "माझ्या केकनं गेली. आत अंडं नव्हतं, पण कडेला मी अंड्याच्या केकचा चुरा लावला होता. मला वर्षभर ठाऊक आहे."

शिंपीणबाई स्टुलावर बसल्या. शिव्या देतील, मारतील, असं मला वाटलं. त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर उघडून पाहिले.

"वर्ष झालं," त्या म्हणाल्या, "धाकट्याला मी या हातानं घास भरवलेला नाही."