पंचाण्णव टक्के नेरिल अ‍ॅसिटेट

"मॅडम, पंचाण्णव टक्के मॅच आहे!" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं आजही सणकतं.

चंद्रपूरच्या एका कॉलेजात जीसी-एमएस मशीन माझ्या ताब्यात आहे. तेलातली वासाची द्रव्यं ते केसासारख्या बारीक, तीस मीटर लांब नळीतून एकेक करून बाहेर काढतं आणि प्रत्येकाचे तुकडे करतं. त्या तुकड्यांचा ठसा संगणक आपल्या लायब्ररीशी ताडून बघतो आणि नावांची यादी देतो. पोरांना वाटतं, यादीतलं पहिलं नाव म्हणजे ब्रह्मवाक्य. अरे बाबांनो, या द्रव्यांत सख्ख्या बहिणी असतात, त्यांचे तुकडे जवळपास सारखेच पडतात! कोण कधी बाहेर आली त्यावरून त्या ओळखायच्या. म्हणून हायड्रोकार्बनची एक मालिका त्याच नळीतून सोडायची आणि तिच्या पायऱ्यांत आपलं द्रव्य कुठं बसतं ते मोजायचं. तो आकडा म्हणजे रिटेन्शन इंडेक्स. हे मी इतक्यांदा सांगितलंय की माझा घसा सुकला.

गडचिरोलीकडच्या एका बचत गटानं तिखाडी गवताचं तेल तपासायला पाठवलं होतं. माझ्या पीएचडीच्या विद्यार्थ्यानं रिपोर्ट केला. जिरॅनिऑल भरपूर, ते ठीक. पण आलेखातल्या दुसऱ्या मोठ्या शिखरासमोर लिहिलं नेरिल अ‍ॅसिटेट, पंचाण्णव टक्के मॅच. तिखाडीत असायला हवं जिरॅनिल अ‍ॅसिटेट, ही तिचीच बहीण. नेरिल एवढं निघालं तर कारखान्यातला माल मिसळल्याचा संशय येतो. त्यानं इंडेक्सही काढला होता, १३६१, नेरिलचाच. मी वरवर बघून सही ठोकली.

दोन महिन्यांनी तेल गाळणारी बाई एसटीनं थेट लॅबमध्ये आली. पिशवीत त्याच तेलाची बाटली.

"मॅडम, तुमचा कागद आला अन् व्यापाऱ्यानं तेल वापस केलं. गटानं मले भट्टीवरून उतरवलं. म्हणे मीच भेसळ केली. मी पंधरा वर्षं तेल काढून राह्यली. तुमचं मशीन काऊन असं बोलते?"

मी विद्यार्थ्याला हाक मारली. "जिरॅनिऑलचा इंडेक्स दाखव."

"तो काढलाच नाई मॅडम. तिखाडीत जिरॅनिऑलच राहते, त्याले काय तपासाचं?"

देवा रे! मी स्वतः काढला. १२३३ आला. यायला हवा होता १२५३च्या आसपास. म्हणजे एकट्या नेरिलचं नव्हे, सगळंच वीस आकड्यांनी खाली घसरलेलं.

"मालिका कधीची वापरली?"

"उन्हाळ्यातली. होतीच ना फाईलमध्ये."

"आणि नळी कधी कापली?"

तो नोंदवहीची पानं उलटू लागला. डिंकाचे नमुने घालून घालून नळीचं तोंड खराब झालं होतं, म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला आम्ही दोन-अडीच मीटर कापून टाकली होती. नळी आखूड झाली की सगळं लवकर बाहेर येणार. कापलेल्या नळीतलं तेल कापण्याआधीच्या पायऱ्यांवर मोजायचं? आणि दैव असं की चुकीचा आकडा नेमका चुकीच्या बहिणीवर जाऊन बसला! लायब्ररी म्हणे नेरिल, इंडेक्स म्हणे नेरिल. दोन खोटे साक्षीदार एका सुरात बोलले.

मी त्याच्यावर इतकी ओरडले की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. मग मालिका पुन्हा सोडली, बाईच्या बाटलीतलं तेल सोडलं, शेवटी कपाटातलं शुद्ध जिरॅनिल अ‍ॅसिटेटही सोडलं. तेलातलं शिखर १३८० वर आलं, शुद्ध नमुनाही तिथंच. नेरिलच्या जागी जेमतेम एक रेघ. यादीत जिरॅनिल चौऱ्याण्णव टक्क्यांनी दुसरं होतं. एक टक्का मागे!

रिपोर्ट मी स्वतः घेऊन गावात गेले. गटाच्या बायका समाजमंदिरात बसल्या होत्या. मी कागद तेल गाळणाऱ्या बाईच्या हातात दिला, तर तिनं तो घडी करून बाजूला ठेवला.

"कागद राहू द्या. कागद वाचूनच या बायांनी माझ्याशी बोलणं टाकलं. तुम्ही तोंडानं सांगा."

मी उभी राहिले. तेल शुद्ध आहे, चूक आमच्या लॅबची आहे, आणि न तपासता सही माझी होती, असं सांगितलं. गटाची अध्यक्ष खाली बघत म्हणाली, "उद्यापासून भट्टी तुमचीच, बाई."

ती हसली नाही. माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "दोन महिने या गावानं मले चोर म्हटलं. तुम्हाले तपासाले किती वेळ लागला, मॅडम?"

"एक दुपार," मी म्हणाले.