सारिकाची नकाराची वही

किन्हवलीत सारिकापेक्षा तिच्या वहीलाच माणसं जास्त टरकून असत. अकरा वर्षं ती गावची आशाताई, घरोघर आरोग्याचं काम बघणारी. कुणी बाळाला लस नको म्हटलं की ही उंबऱ्यावर बसकण मारायची आणि वही उघडायची. "नाव लिवा, कारण लिवा, सही करा. मी चालले." कारण लिहायची वेळ आली की निम्म्या घरांतून बाळ मुकाट्याने पुढे यायचं.

तेहतिसाव्या वर्षी तिच्या डोक्यात नर्स व्हायचं आलं. मुरबाडच्या एका कॉलेजात एएनएम या नर्सिंग कोर्सच्या यादीत नाव लागलं. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी ती खिडकीशी उभी राहिली. आत गोजर क्लार्क. त्यांच्या कपाळावरचं अष्टगंध आणि तोंडातलं 'उद्या या' कधी पुसलं जात नसे.

"फिटनेस सर्टिफिकेट आमच्याच डॉक्टरचं लागतं. सरकारी नाय चालत."

"सरकारी डॉक्टरनं तपासून दिलंय. शिक्का हाय, नोंदणी नंबर हाय. अजून काय, त्याची पत्रिका आणू?"

"कावीळ ब चे तिन्ही डोस पुरे पायजेत."

लस मागणं तिला पटत होतं. सुयांशी, रक्ताशी ज्यांची गाठ, त्यांना लस हवीच. म्हणून तर यादी लागल्याबरोबर पहिला डोस घेऊन तिने कार्ड आणलं होतं.

"दुसरा महिन्यानं, तिसरा सहाव्या महिन्यात. यादी लागली गेल्या सोमवारी. तिन्ही काय एका दिवशी दोन दंडांत नि मांडीत घेऊ?"

रांगेतल्या पोरी फिसकन हसल्या. गोजर तापले. "तुमी लग्न झालेल्या. गरोदर नसल्याचा दाखला आणा."

सारिकाचं हसू गेलं. "काम करायला मी फिट हाय, येवढं पुरे. माझ्या पोटाची चौकशी कॉलेजला कशाला? माहितीपत्रकात कुठं लिवलंय, दाखवा."

लिहिलेलं नव्हतंच. "मग सीट दुसऱ्याला. पाचला खिडकी बंद."

सारिकाने पिशवीतली वही काढून खिडकीतून आत सरकवली. "नाव लिवा. कारण लिवा. सही करा. मी चालले."

गोजरांनी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. शेवटी वही घेऊन ते आत गेले. प्राचार्यबाई बाहेर आल्या. उभा जन्म वॉर्डात काढलेली बाई. सारिकाचं गाऱ्हाणं ऐकत सगळे कागद तिने उभ्यानेच वाचले.

"सरकारी फिटनेस चालतं, गोजर. उरलेल्या दोन डोसचं हमीपत्र घ्या. दुसरा झाल्याशिवाय वॉर्डात पाठवणार नाही, ते मात्र पक्कं. आणि हे गरोदरपणाचं कुणी काढलं?"

"आधीपासून मागतो बाई," गोजर पंख्याकडे बघत म्हणाले.

"आजपासून मागायचं नाही."

पावणेपाचला प्रवेश झाला. सारिका हलेना. "पोच द्या. सहीसकट." गोजरांनी दात आवळून सही ठोकली.

परत मिळालेली वही पिशवीत घालता घालता ती खिडकीशी वाकली. गोजरांची सासुरवाडी किन्हवलीचीच. आवाज खाली आणून, पण पोरींना ऐकू जाईल इतपतच, ती म्हणाली, "साहेब, सासूबायना सांगा, नातवाच्या गोवराच्या लसीला मंगळवारी येते. 'लस नको' म्हणून त्यांची सही हाय माझ्याकडं. आता खोडायला लावीन."