नोंदणीकृत

माझी मावसबहीण आणि मी एकाच वर्षी मॅट्रिक झालो. तिला माझ्यापेक्षा कमी मार्क होते, हे मी आजही कुणी विचारलं नाही तरी सांगते. त्यांचं घर आमच्या मागच्याच चाळीत होतं, पिंपरीतल्याच वसाहतीत. तिचे वडील आणि माझे अप्पा, दोघेही कंपनीत होते, पण काका सुपरवायझर झाले होते आणि अप्पा मशीनवरच राहिले होते. त्यामुळे त्यांच्या घरात आधी रेडिओ आला, आधी गॅस आला आणि मुलीच्या कोर्सचा निर्णयही आधी झाला.

काका एका संध्याकाळी आमच्याकडे जय भीम करत आले ते पेढेच घेऊन. पोरीला चिंचवडच्या एका खासगी संस्थेत ड्राफ्ट्समनच्या कोर्सला घातलं होतं. कोर्स एका वर्षाचा. शेवटी मिळणार डिप्लोमा. फी ऐकून आईने पदर तोंडाला लावला. बहीण दारात उभी होती, आणि तिच्या हातात ड्रॉइंगच्या हत्यारांची पेटी होती. आत निळ्या मखमलीत कंपास, डिव्हायडर, शाईचा पेन, सगळं आपापल्या खाचेत झोपलेलं. तिने ती मला उघडून दाखवली, हात मात्र लावू दिला नाही. त्या रात्री मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी मी अप्पांना सांगितलं, मलाही तिथंच जायचंय. ड्राफ्ट्समन म्हणजे काय करतो हे मला धड माहीत नव्हतं. ती शिकणार म्हणून मला शिकायचं होतं. आईच्या मते मी टायपिंगचा क्लास करावा. स्वस्त, सहा महिन्यांचा, सरकारी परीक्षेचा. पण आमच्या वसाहतीत टायपिंग झालेल्या मुली नोकरीविना आपापल्या घरीच भांडी घासत बसलेल्या होत्या, हे आईलाही दिसत होतं. डी.एड.ला माझा नंबर लागेल इतके मार्क मला नव्हते.

अप्पा लगेच नाही म्हणाले नाहीत. ते तसे कधीच लगेच काही म्हणत नसत. पहिली पाळी सुटली की ते घरी येऊन चहा घेत आणि मला सायकलच्या मागे बसवून भोसरीकडे नेत. आमच्या भागात लहान कारखान्यांच्या फाटकावर काळ्या पाट्या लटकवलेल्या असायच्या. खडूने लिहिलेलं, टर्नर पाहिजे, ग्राइंडर पाहिजे, अनुभवी मिलर पाहिजे. पेपरातल्या जाहिरातीपेक्षा अप्पांचा या पाट्यांवर विश्वास होता. ते म्हणायचे, "पेपरात कंपनी दिसती, पाटीवर तिची गरज दिसती." कुठल्या पाटीवर काय आहे, कालची पाटी आज पुसली का, याच्याकडे त्यांचं लक्ष असे. पुसली म्हणजे माणूस मिळाला. आठवडाभर तशीच राहिली म्हणजे माणूस मिळत नाही.

माझं लक्ष पाट्यांकडे नव्हतं. मी मनात त्या निळ्या मखमलीचा हिशेब करत होते.

एका फाटकावर 'ट्रेसर पाहिजे' असं होतं. अप्पांनी सायकल थांबवून रखवालदाराला विचारलं, "मामा, पोरींना घेत्यात का हितं?"

"घेत्यात की. आत ड्रॉइंग हापिसात दोघी हायेत," तो म्हणाला. "एक हितंच काम शिकल्याली, दुसरी आयटीआयची. बोर्डावर बसून असत्यात. घाम न्हाई, ग्रीस न्हाई."

"आणि कायम करत्यात का?"

"हितं कोण कायम हाय राव? मीबी न्हाई."

अप्पांनी ते ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर त्यांच्या कंपनीत ॲप्रेंटिस भरणाऱ्या एका क्लार्कला गाठलं. तो आमच्याच वसाहतीतला. आमच्या ओट्यावर बसून त्याने मावसबहिणीच्या संस्थेची रंगीत जाहिरात वाचली. वर मोठ्या अक्षरात होतं, 'शासन नोंदणीकृत संस्था'.

"अप्पा, हे नोंदणीकृत आहे," तो म्हणाला. "मान्यताप्राप्त नाही."

"फरक काय?" मीच मध्ये विचारलं. मला राग आला होता.

"नोंदणी संस्थेची होते. दहा माणसं मिळून भजनी मंडळ काढलं तरी त्याची नोंदणी होते. मान्यता कोर्सला लागते. आमच्याकडे ॲप्रेंटिसची जागा निघाली की पहिला प्रश्न, सर्टिफिकेट सरकारी ट्रेडचं आहे का. केंद्र सरकारच्या, दिल्लीच्या परीक्षेचं. नसेल तर अर्ज बाजूला. हा आमच्या साहेबांचा हट्ट नाही, कायद्यातच तसं आहे."

अप्पा हे सांगायला लगेच काकांकडे गेले. मी मागे गेले नाही, पण काकांचा आवाज आमच्या चाळीपर्यंत आला. "साडूभाऊ, सरकारने नोंदवलंय म्हणजे सरकारने मानलंच की! शब्दांचा कीस काढत बसलात तर पोरी घरात म्हाताऱ्या होतील." पेढे वाटून झाले होते, फी भरून झाली होती. काकांना आता दुसरा अर्थ परवडणारा नव्हता.

खरं सांगायचं तर मला काकांचंच पटत होतं. आयटीआयमध्ये तोच ट्रेड दोन वर्षांचा होता. फी आम्हाला माफ होती, वर थोडा स्टायपेंडही मिळणार होता, पुढे ॲप्रेंटिसशिपचा आणखी काळ. म्हणजे ती नोकरीला लागून साड्या घेत असणार आणि मी डबा घेऊन बसच्या रांगेत उभी असणार. मी अप्पांना म्हटलं, "वेळ गेला त्याचं काय? वेळाची फी लागत नाही का?" अप्पा म्हणाले, "लागती. पण ती आपल्याकडं हाय." आणि आयटीआयचा अर्ज भरून टाकला.

मी आयटीआयमध्ये दात-ओठ खात शिकले. वर्गात मुलं पुष्कळ, मुली आम्ही बोटावर मोजण्याएवढ्या. बोर्डावर बसायच्या आधी वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा घासून चौकोनी करायला लावायचे. जे काढायचं ते कसं घडतं हे हाताला कळावं म्हणून. माझ्या तळहाताला फोड आले. मावसबहिणीच्या वर्गात असलं काही नव्हतं. ती स्वच्छ हातांनी संध्याकाळी ओट्यावर बसून कलर पेन्सिलींना टोक काढत असे, आणि मी समोरून मुद्दाम मान वर करून जात असे.

माझं एक वर्ष संपलं त्या सुमारास तिला नोकरी लागली. भोसरीतल्याच एका वर्कशॉपमध्ये, फिक्स्चर, म्हणजे मशीनवर भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या चौकटी, आणि डाय बनवणाऱ्या. मालकाने सर्टिफिकेट पाहिलंच नाही म्हणे. एक भाग समोर ठेवला आणि म्हणाला, याचं ड्रॉइंग काढ. पहिल्या पगारातून तिने मनगटी घड्याळ घेतलं. चाळीत कुणीही वेळ विचारली नाही तरी ती सांगायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आई म्हणायची, आपल्याच घरातली आहे, बरं वाटू दे. मला बरं वाटत नव्हतं, आणि वाटल्यासारखं दाखवायची माझी तयारीही नव्हती.

पुढच्या वर्षी एका मोठ्या कंपनीत ड्राफ्ट्समन ॲप्रेंटिसच्या जागा निघाल्या. मी अर्ज केला. मावसबहिणीनेही केला, तिलाही आता मोठी कंपनी, बस, कँटीन, फंड हवा होता. वर्कशॉपमध्ये पगार उशिरा होई आणि मालकाला ऑर्डर नसली की 'उद्या येऊ नकोस' हे शब्द संध्याकाळी कळत. आम्ही दोघी एकाच दिवशी कंपनीच्या फाटकावर गेलो. एकाच बसने, पण वेगळ्या बाकांवर बसून.

खिडकीवरच्या माणसाने माझे कागद घेतले आणि एका गठ्ठ्यावर ठेवले. तिचे घेतले, वाचले, पुन्हा वाचले आणि परत दिले. "बाई, हे नोंदणीकृत आहे," तो अगदी सौम्यपणे म्हणाला, जणू तिला वाईट वाटू नये म्हणून. ती म्हणाली, "मला काम येतं. बसवून बघा." तो म्हणाला, "येत असेल. पण मला बसवता येत नाही."

ती फाटकाबाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. मला काय झालं सांगू? मला आनंद झाला. दोन वर्षं ज्याच्यासाठी मी हात सोलून घेतले तो हाच क्षण होता असं वाटलं. मी तिला पाण्याचा ग्लास आणून दिला आणि मनात म्हटलं, पी.

मी ॲप्रेंटिस झाले, परीक्षा पास झाले, आणि नशिबाने तिथेच कायमही झाले. आमच्या घरी गॅस आला. काका भेटले की कंपनीची चौकशी करत आणि बोलता बोलता लगेच विषय बदलत. ती मात्र एकदा स्पष्ट म्हणाली, "तुझं बरंय, बये. मला तुझा हेवा वाटतो." मला ते ऐकून इतकं गोड वाटलं की मी ते तिला दुसऱ्यांदा म्हणायला लावलं.

पण ड्रॉइंग ऑफिसात मला काय काम होतं ते मी तिला कधी सांगितलं नाही. डिझाइन करणारे इंजिनिअर वेगळे, तपासणारे वेगळे. मी ट्रेसिंग करत असे. दुसऱ्याने पेन्सिलीने काढलेल्या रेषेवर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईने ती तशीच्या तशी उतरवायची. चूक झाली की ब्लेडने अलगद खरवडायचं. एका वर्षात माझं काम सुबक झालं, दुसऱ्या वर्षात आणखी सुबक, आणि पुढच्याही वर्षी ते सुबकच राहिलं. मोठ्या कंपनीत प्रत्येकाची एक रेषा ठरलेली असते, आणि माझी तीच होती.

एकोणीसशे ऐंशीच्या थोडं पुढे मागे असेल, आमच्या साहेबांनी माझ्या बोर्डावर एक पेन्सिलचं ड्रॉइंग ठेवलं. भोसरीच्या एका वर्कशॉपने आमच्यासाठी नवीन ड्रिलिंग फिक्स्चर डिझाइन केलं होतं. ते आता आमच्या कागदावर घ्यायचं होतं. "काम चांगलं आहे," साहेब म्हणाले, "माप एकही सुटलेलं नाही. जसं आहे तसं उतरवा."

उजव्या खालच्या कोपऱ्यात चौकोन असतो. त्यात कुणी डिझाइन केलं, कुणी तपासलं, कुणी ट्रेस केलं ते लिहितात. डिझाइनच्या रकान्यात तिचं नाव होतं, तिच्याच हस्ताक्षरात. सर्टिफिकेट न बघणाऱ्या मालकाने तिला इतकी वर्षं जे समोर येईल ते करायला लावलं होतं, आणि ती करत गेली होती.

मी सकाळभर त्या ड्रॉइंगमध्ये चूक शोधली. एखादी रेषा दुसरीला मिळत नसेल, एखाद्या भोकाचं माप राहिलं असेल, भाग दाबून धरणारा क्लॅम्प सोडवताना कामगाराचा हात अडकत असेल. काही सापडलं नाही. दुपारी मी शाईचा पेन भरला आणि सगळं उतरवून काढलं. शेवटी कोपऱ्यातला चौकोन राहिला. तिचं नाव ट्रेस करावं लागणार होतं, कारण नियमच तसा होता. मी ते पट्टी लावून, एकेक अक्षर जोखून काढलं, आणि ते तिने स्वतः लिहिलं होतं त्यापेक्षा कितीतरी सुंदर आलं.