राहिलेला स्वल्पविराम

कॉलेजच्या कारकून बाईंनी यादीत तीनशे नावं 'आडनाव, नाव' अशी भरली होती. प्रमाणपत्रावर नाव आधी हवं, म्हणून संगणकात सूत्र घातलं: स्वल्पविरामानंतरचं पुढे, आधीचं मागे. गठ्ठा छापून झाला आणि बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. एका प्रमाणपत्रावर नावाच्या जागी 'चूक' छापलं होतं, तेही त्यांच्याच लेकीच्या! समारंभाला अर्धा तास उरलेला.

"आई, तीनशे पोरं सरळ केलीस, पोटची तेवढी चूक?" दारातून आलेली लेक ते प्रमाणपत्र बघून किंचाळली.

बाईंनी यादी उघडली. लेकीचं आडनाव आणि नाव त्यांनी सलग लिहिलं होतं. सूत्राला तोडायला जागाच सापडली नव्हती.

"अगं, तुला तोडायला हात धजला नसेल," म्हणत बाईंनी स्वल्पविराम टाकला. नाव टुणकन पुढे आलं.