तीन कंट्रोलर, तीन घड्याळं

इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होते. बारामतीहून रोज कारखान्याच्या जीपने जायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. बॉयलर, टर्बाइन आणि वीजघर या तिघांना नुकतेच स्वतंत्र कंट्रोलर बसले होते. काही बिघडलं की प्रत्येक घटना सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतच्या वेळेसह नोंदली जायची, आणि तिन्हींच्या नोंदी वेळेप्रमाणे लावून कंट्रोल रूममधला प्रिंटर एकच यादी छापायचा. त्या यादीचा सगळ्यांना फार अभिमान होता.

ऐन गाळपात एका दुपारी सगळा कारखाना बंद पडला. ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीचा आवाज थांबला आणि यार्डात उभ्या गाड्यांचे बैल तेवढे ऐकू यायला लागले. कंट्रोल रूम बॅटरीवर चालू होती. प्रिंटरने यादी दिली. पहिली ओळ: बॉयलरच्या ड्रममधलं पाणी कमी. मग बॉयलर बंद, मग टर्बाइन बंद, आणि शेवटी जनरेटरचा दोष ओळखणारा रिले आणि वीज तोडणारा ब्रेकर.

आमच्या चीफ इंजिनिअरनी, चीफसाहेबांनी, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बॉयलरवर तात्या होते, वीस-बावीस वर्षांचे जुने अटेंडंट. पाण्यावर लक्ष नव्हतं म्हणून त्यांना निलंबित करायचं ठरलं. संध्याकाळी संचालकांची बैठक होती, तोवर अहवाल मी लिहायचा होता.

मी तात्यांना विचारायला गेले. ते बॉयलरच्या जिन्यावर बसले होते. म्हणाले, आधी सेफ्टी व्हॉल्व उडाला, मग ड्रमची पातळी दाखवणाऱ्या काचेतलं पाणी खाली गेलं. मग हळूच म्हणाले, "पन ताई, कागदावर आलंय म्हंजी आसंल तसं. माजंच ध्यान चुकलं आसंल."

मला टेबलाशी बसवेना. मी यादी घेऊन कंट्रोल रूममध्ये येरझाऱ्या घालत राहिले. पाणी कमी होऊन बॉयलर बंद पडला असता, तर वाफेचा दाब उतरला असता. सेफ्टी व्हॉल्व उडतो दाब चढल्यावर. टर्बाइनने एकदम वाफ घेणं थांबवलं तर दाब चढतो, आणि त्या दाबाने पाण्यातले बुडबुडे आक्रसून ड्रममधली पातळीही खाली बसते. म्हणजे तात्या सांगत होते ते जुळत होतं, फक्त यादीशी जुळत नव्हतं.

मग डोक्यात आलं, ही घड्याळं लावली कुणी? कंट्रोलर बसवणाऱ्या माणसाने हंगामाच्या सुरुवातीला मनगटावरच्या घड्याळात बघून तिन्ही लावली होती. त्यानंतर कुणी हात लावला नव्हता.

इलेक्ट्रिशियनला हाताशी घेऊन मी एकाच बटणाची वायर तिन्ही कंट्रोलरना जोडली. चीफसाहेबांना बोलावलं. ते चिडूनच आले. बैठकीची गाडी दारात उभी होती. मी बटण दाबलं. बटण एकदाच दाबलं, पण यादीत तीन वेगवेगळ्या वेळा आल्या. वीजघराच्या मानाने बॉयलरचं घड्याळ अकरा सेकंद मागे, टर्बाइनचं अर्ध्या सेकंदाहून थोडं कमी. पुन्हा पुन्हा दाबलं, फरक तोच.

"साहेब," मी म्हणाले, "एका कंट्रोलरच्या आतला क्रम खरा आहे. पण तीन घड्याळांच्या नोंदी एका यादीत लावल्या की कुणाच्या आधी कोण, हे ही यादी सांगू शकत नाही."

त्यांनी खुर्ची ओढली. दोघांनी मिळून बॉयलरच्या नोंदी अकरा सेकंद पुढे सरकवल्या, टर्बाइनच्या जेमतेम अर्धा सेकंद. क्रम उलटा झाला. सगळ्यात आधी जनरेटरचा रिले, लगेच ब्रेकर, मागोमाग टर्बाइन. पाणी कमी झालं ते त्यानंतर काही सेकंदांनी.  साहेबांनी वीजघराच्या माणसांना केबली तपासायला पाठवलं. गव्हाणीच्या मोटरजवळचा जोड काळाठिक्कर पडलेला सापडला. तिथला ब्रेकर अडकून उघडलाच नव्हता, म्हणून त्या शॉर्टचा सगळा भार जनरेटरवर आला होता.

निलंबन झालं नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही एका मुख्य घड्याळापासून तिन्ही कंट्रोलरपर्यंत केबल टाकली. दर मिनिटाला एक पल्स जायची आणि तिघांचे सेकंद एकाच क्षणी जुळायचे. पहिले काही दिवस मी जेवण सोडून बटण दाबून बघायचे. वेळा जुळायच्या, तरी चैन पडायचं नाही. आधीच्या किती याद्यांवर कुणाकुणाला बोलणी बसली असतील, हे मोजायला काही साधन नव्हतं.

तात्यांना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. पण हंगाम संपायच्या आतच त्यांनी पाण्याच्या पंपांवर बदली मागून घेतली. मी कारण विचारलं.

"काचंकडं बघताना आता मन थाऱ्यावर ऱ्हात न्हाय," ते म्हणाले. "दिसतंय ते खरं हाय का, आसं सारखं वाटतं."

साहेबांनी त्यांना थांबायला सांगून पाहिलं, मीही सांगितलं. ते गेलेच.